पोती जास्त निघाली

हे लिखाण आम्ही दोघांनी मिळून केले आहे, म्हणून यात 'मी' नाही. आमच्यातली एक खाजगी अनुदानित शाळेत अकरा वर्षे शिक्षिका आहे. दुसरा एका सहकारी संस्थेत कारकून असून वीस वर्षे आवक-जावक टेबलावर बसला आहे. ही गोष्ट शिक्षिकेवर गुदरली, पण निभावली घराने. शाळेचे, गावाचे आणि माणसांचे नाव आम्ही घेत नाही.

जून 2022 मध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी शिक्षिकेकडे पोषण आहाराची साठा नोंदवही दिली. शाळा पहिली ते सातवी. नियम साधा आहे. पहिली ते पाचवीच्या हजर मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ आणि सहावी-सातवीच्या मुलामागे 150 ग्रॅम. वहीत आजचे लाभार्थी किती, तांदूळ किती वापरला, शिल्लक किती हे लिहायचे आणि खाली सही करायची. पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, "संख्या मी सांगत जाईन, मॅडम. तुम्ही फक्त लिहा."

आम्ही लिहिली. हे आधीच सांगून टाकलेले बरे. 15 जून ते 2 ऑगस्ट, सरांनी सांगितलेला आकडा शिक्षिकेने स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली सही केली. सुरुवातीला संशय आला नाही, आणि आला तेव्हा भीती वाटली.

संशय आला तो स्वयंपाक करणाऱ्या खालांच्या एका वाक्याने. मुले त्यांना खालाच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. त्या भात उपसताना सहज बोलल्या, "आपा, एवढी मुलं येतात कुठं? मी तर पावणेदोनशेचाच भात लावते." वहीत रोज दोनशे तीस-चाळीस जात होते.

20 जुलैपासून शिक्षिकेने एक साधी गोष्ट सुरू केली. प्रत्येक वर्गाच्या हजेरीपत्रकात सकाळी जी बेरीज लिहिली जाते, ती सात वर्गांची बेरीज ती रोज टिपू लागली. त्यातला एक दिवस मांडून दाखवतो. पहिली ते पाचवी हजर 118, वहीत 150. सहावी-सातवी हजर 61, वहीत 84. म्हणजे लहान मुलांत 32 जास्त, त्यांचा तांदूळ 3 किलो 200 ग्रॅम. मोठ्यांत 23 जास्त, त्यांचा 3 किलो 450 ग्रॅम. दोन्ही मिळून दिवसाला 6 किलो 650 ग्रॅम. ऐकायला एवढेसेच वाटते. पण महिन्याला बावीस दिवस शाळा धरली तर 146 किलो, म्हणजे पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती. शिवाय भाजी, तेल, सरपण यांचे पैसेही लाभार्थी संख्येवरच निघतात.

रात्री जेवताना हा हिशेब झाला तेव्हा घरातल्या कारकुनाचा पहिला प्रश्न होता, "सही कुणाची आहे?" सही शिक्षिकेची होती. सरांचे बोलणे हवेत गेले होते. उद्या कुणी ती वही उघडली असती, तर चोर कोण ठरला असता हे सांगायला नको.

तेव्हापासून घरात एक शंभर पानी बांधीव वही आली. आधी तिच्या सगळ्या पानांवर क्रमांक घातले, मग लिहायला सुरुवात केली. सुटे कागद मुद्दाम टाळले, कारण सुटा कागद मागाहून घुसडला असे कुणीही म्हणू शकतो. रोज घरी आल्यावर, चहाच्याही आधी, त्या दिवसाची नोंद करायची. तारीख, वेळ, काय पाहिले, कोण काय बोलले ते त्याच्याच शब्दांत, आणि तिथे आणखी कोण होते. दोन नोंदींत रिकामी ओळ सोडायची नाही. चूक झाली तर एकच रेघ मारायची, खाडाखोड करायची नाही. दर शनिवारी त्या आठवड्याच्या पानांचे फोटो काढून शिक्षिका ते कारकुनाच्या ईमेलवर पाठवी. ईमेलवर तारीख आपोआप पडते, ती आम्हाला बदलता येत नाही, आणि म्हणूनच ती उपयोगी.

या वहीचा सगळ्यात अवघड नियम घरातल्या अब्बांनी घातला. अब्बांचे चाळीस वर्षे किराणा दुकान होते आणि उधारीची वही त्यांचा जीव की प्राण. सूरह अल-बकरातील 282 वी आयत, कुरआनातील सर्वांत लांब आयत, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे ते प्रत्येक उधारवाल्याला ऐकवीत. शिक्षिकेच्या वहीत तिसऱ्या दिवशी 'सर तांदूळ विकतात' असे वाक्य त्यांनी वाचले आणि विचारले, "तू विकताना पाहिलंस?"

"नाही अब्बा, पण आणखी कुठं जाणार?"

"मग हे तुझं मत झालं, बेटा. डोळ्यांनी जे पाहिलंस ते लिही. बाकीचं शोधायला सरकारनं माणसं ठेवलीत."

त्या दिवसापासून वहीच्या डाव्या पानावर पाहिलेले आणि उजव्या पानावर ऐकलेले असे लिहिले जाऊ लागले. मत कुठेच नाही. खालांचे ते वाक्य उजव्या पानावर गेले.

आणखी एक गोष्ट आम्ही केली नाही, आणि ती सांगायला हवी, कारण चांगली माणसे नेमकी इथेच फसतात. शाळेची एकही मूळ वही किंवा कागद आम्ही घरी आणला नाही. दफ्तर बाहेर नेणे हाच एक गुन्हा ठरतो, मग मूळ विषय बाजूला राहतो आणि चौकशी तुमचीच सुरू होते. मुलांची नावे असलेल्या हजेरीपत्रकांचे फोटोही काढले नाहीत. फक्त कोणता वर्ग, कोणती तारीख, बेरीज किती एवढे टिपले. चौकशी अधिकाऱ्याला मूळ पत्रक मागवण्याचा अधिकार असतो. ते कुठे सापडेल एवढे आपण अचूक सांगितले की पुरते.

3 ऑगस्टला शिक्षिकेने सरांना पहिले पत्र दिले. त्यात तक्रार नव्हती, फक्त विचारणा होती. 'आज सकाळी आपण लाभार्थी संख्या 234 लिहावी असे तोंडी सांगितले. वर्गवार हजेरीची बेरीज 179 आहे. कोणती संख्या नोंदवावी याबाबत लेखी मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.' एवढेच. सरांनी पत्र वाचले, हसले आणि परत दिले. "अहो मॅडम, वरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. कागद कशाला वाढवता?" पोच द्यायला त्यांनी नकार दिला. त्याच दुपारी कारकुनाने ते पत्र शाळेच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवले. पोस्टाची पावती आणि आठवड्याने परत आलेली सहीची पोच, दोन्ही फायलीत लावली. (टपाल खात्याने 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केले आहे. आता स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा पुरावा मागून घ्यावा.)

8 ऑगस्टला सरांनी साठा नोंदवही स्वतःच्या कपाटात ठेवली. "यापुढे मीच लिहीन." तोंडी! शिक्षिकेने त्यावरही दोन ओळींचे पत्र पाठवले, की आजपासून नोंदवहीचे काम आपण तोंडी आदेशाने काढून घेतले आहे, तसा लेखी आदेश मिळावा. आदेश आला नाही. पण त्या तारखेनंतरच्या आकड्यांशी आपला संबंध नाही, हे कागदावर आले. वही गेली तरी मोजमाप मात्र मॅडमकडेच राहिले. गाडी आली की पोती उतरवून घेणे आणि सकाळी खालांना तांदूळ तोलून देणे हे काम सरांना नको होते.

आता तक्रार करायची की नाही, हा प्रश्न होता. खरे सांगायचे तर आम्ही तीन महिने घालवले. संस्था आपल्याच समाजाची. सर शुक्रवारी पहिल्या सफेत, ईदला सर्वांत आधी आमच्या घरी. जमातीतले दोन बुजुर्ग आले. चहा झाला आणि म्हणाले, "भाईजान, घरातली गोष्ट घरात मिटवा. बाहेरच्यांना बोलायला निमित्त कशाला द्यायचं? आणि पाठीमागे असं बोलणं ही गीबतच की." हा शब्द आम्हाला लागला. शिक्षिका दोन रात्री झोपली नाही. शेवटी एका मौलाना साहेबांना नाव न घेता विचारले. ते म्हणाले, ज्याच्या हातात अन्याय दूर करणे आहे त्याच्याकडे जाऊन खरे ते सांगणे ही गीबत नव्हे, पण चौकात सांगत फिरलात तर ती गीबतच. आमच्यापुरता निकाल लागला. पत्र जाईल ते अधिकाऱ्याकडेच. आम्ही नातेवाइकांत, व्हॉट्सॲपवर, कुठेच बोललो नाही. पुढे कळले की कायद्याच्या दृष्टीनेही हेच शहाणपणाचे होते. गावभर बोलला असतात तर बदनामीचा दावा तुमच्यावरच आला असता.

दुसरी भीती नोकरीची होती. माहिती देणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा असेल, असे आम्हाला वाटत होते. आहे, पण कागदावर. सत्येंद्र दुबे हे नाव वाचकांना आठवत असेल. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरप्रकारांबद्दल या तरुण अभियंत्याने पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गया येथे त्यांना गोळी घालण्यात आली. त्यानंतर 2004 मध्ये केंद्राने एक ठराव केला. त्यानुसार केंद्रीय दक्षता आयोग तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवतो, पण तो केंद्र सरकार आणि त्याच्या संस्थांपुरता. 2014 मध्ये संसदेने स्वतंत्र कायदाही मंजूर केला, तो अजून अमलात आणलेला नाही. गावातल्या अनुदानित शाळेतील शिक्षिकेला यातले काहीच कामाचे नव्हते.

कामाचे होते ते महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली. कायम शिक्षकाला चौकशीशिवाय काढता येत नाही. चौकशी समिती तिघांची असते आणि त्यातला एक सदस्य शिक्षकाने स्वतः निवडायचा असतो. काढलेच, किंवा पदावनत केले, तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. हे 30 दिवस आम्ही एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाला आतून चिकटवले. माणूस त्या दिवसांत रडण्यात आणि वकील शोधण्यात मुदत घालवून बसतो.

तक्रारीचा पहिला मसुदा सहा पानांचा झाला. त्यात 'भ्रष्ट', 'निर्लज्ज', 'गोरगरिबांच्या तोंडचा घास' असे सारे होते. अब्बांनी लाल पेन घेतला. दुसरा मसुदा तीन पाने, तिसरा दीड. त्यात एक तक्ता होता, 20 जुलै ते 6 ऑगस्टमधल्या अकरा दिवसांचा. दिनांक, सात वर्गांची बेरीज, नोंदवहीतील संख्या, फरक. ज्या दिवशी सातही वर्गांची बेरीज शिक्षिकेने स्वतः पाहिली होती तेवढेच दिवस घेतले. खालांचे नाव कुठेही नव्हते. त्यांची नेमणूक वर्षावर्षाची, त्यांना एका शब्दाने घरी बसवता आले असते.

वाद झाला तो एका वाक्यावरून. शिक्षिकेने लिहिले होते, '15 जून ते 2 ऑगस्ट या काळातील नोंदी मुख्याध्यापकांच्या तोंडी सांगण्यावरून मी केल्या आहेत व त्यावर माझी सही आहे.' कारकून म्हणाला, हे कशाला? आपणच आपल्या गळ्यात फास का घालायचा? ती म्हणाली, वही उघडली की पहिली सही माझीच दिसणार. ते मी सांगितले तर पत्र खरे, त्यांनी शोधून काढले तर माझे बाकीचे अकरा दिवसही खोटे. त्या रात्री आमच्यात बोलणे झाले नाही. वाक्य राहिले.

14 नोव्हेंबरला आम्ही दोघे पंचायत समितीत गेलो. तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे होती, प्रती शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि संस्थेच्या अध्यक्षांना. निनावी पत्र बहुधा फायलीतच राहते, म्हणून नाव आणि सही होती. टेबलावरचा लिपिक म्हणाला, "ठेवून जा, साहेब आले की देतो." इथे आमच्यातल्या कारकुनाची वीस वर्षे कामी आली. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, माझंही हेच टेबल आहे. आवक नंबर टाकून द्या, मग जातो." नुसता शिक्का कामाचा नसतो. शिक्क्यात क्रमांक, तारीख आणि सही असेल तरच ते पत्र आवक नोंदवहीत चढले असा अर्थ होतो. मग ते हरवले तरी हरवले कुणाकडे हे शोधता येते. वीस मिनिटे थांबावे लागले, पण क्रमांक घेऊनच निघालो.

30 नोव्हेंबरला केंद्रप्रमुख आले. खोली उघडली, पोती मोजली आणि वही पाहिली. वहीत जेवढी शिल्लक तेवढीच खोलीत होती. 'साठा बरोबर' असा शेरा मारून ते गेले. शिक्षकांच्या खोलीत कुणी आमच्याकडे पाहिले नाही.

चूक आमची होती, आणि ती आमच्याच वहीत लिहिलेली होती. या प्रकारात खोलीत तांदूळ कमी पडत नाही. वहीत वापर फुगवला की कागदावरची शिल्लक लवकर उतरते आणि खरा तांदूळ खोलीत जास्त उरतो. जास्तीची पोती एका दिवशी उचलली की वही आणि खोली पुन्हा जुळतात. मग तूट शोधायला आलेल्या माणसाला सगळे ठीकच दिसते. वाढ दिसते ती पोती उचलण्याआधी. डायरीत शिक्षिकेची मोजणी होतीच. शनिवार 24 सप्टेंबर संध्याकाळ, 9 पोती. सोमवार 26 सप्टेंबर सकाळ, 6 पोती. ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्येही महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या आजूबाजूला असेच. केंद्रप्रमुख बुधवारी आले, पोती त्याआधीच्या रविवारी, 27 तारखेला गेली होती. पहिल्या पत्रात आम्ही हे लिहिलेच नाही. शेवटी तो तर्क आहे असे समजून वगळले. पण मोजणी हा तर्क नव्हता, पाहिलेली गोष्ट होती. इतके जपून लिहिण्याचाही कधी कधी तोटा होतो.

आता दुसऱ्या बाजूनेही कागद सुरू झाले. 2 डिसेंबरला शिक्षिकेला मेमो मिळाला. '28 नोव्हेंबर रोजी आपण 11 वाजून 10 मिनिटांनी शाळेत आलात, तरी खुलासा करावा.' अकरा वर्षांत पहिला मेमो. आधी हातपाय गळाले, मग राग आला, आणि रागात लिहिलेला पहिला खुलासा अब्बांनी फाडला. मग डायरी उघडली. 28 नोव्हेंबर, सोमवार, 'धान्याची गाडी आली.' फोन पाहिला. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी 10 वाजून 38 मिनिटांनी खुद्द सरांचा संदेश, 'मॅडम गाडी आलीय, पोती मोजून घ्या.' 10 वाजून 52 मिनिटांनी शिक्षिकेने त्याच गटावर टाकलेला पावतीचा फोटो, त्यावर तिची सही. खुलासा चार ओळींचा झाला, सोबत दोन प्रती. पुन्हा विचारणा आली नाही. सरांनी काही दिवसांनी आपला संदेश सर्वांसाठी काढून टाकायचा प्रयत्न केला असावा, पण इतक्या जुन्या संदेशाला ते होत नाही. तरीही आम्ही तो गट फोनमधून काढला नाही, आणि तो फोन बदलला नाही, अजूनही नाही. छापलेल्या प्रतीला कोर्टात प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन हाताशी असणे केव्हाही चांगले.

दुसरा मेमो रजेचा. "जा मॅडम, काही हरकत नाही," असे सर तोंडी म्हणाले होते आणि हजेरीत 'विनापरवानगी गैरहजर' लिहिले गेले. इथे आमच्याकडे कागद नव्हता. तो एक दिवस बिनपगारी गेला. त्यानंतर अर्ध्या दिवसाच्या रजेचाही अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच. पोच न मिळाल्यास अर्जाचा फोटो सरांनाच व्हॉट्सॲपवर, सोबत एक वाक्य, 'वरीलप्रमाणे अर्ज आज आपल्या टेबलावर ठेवला आहे.' तिसरा मेमो पाठ टाचण अपूर्ण असल्याचा. टाचणावर आधीच्याच आठवड्यात सरांची सही होती.

या दिवसांत कारकुनाने एक पान तयार केले, आणि पुढे सगळ्यांत उपयोगी तेच पडले. मधे उभी रेघ. डावीकडे आम्ही काय दिले आणि केव्हा, उजवीकडे आमच्याकडे काय आले आणि केव्हा. अकरा वर्षे उजवी बाजू कोरी. 14 नोव्हेंबरला तक्रार. अठराव्या दिवशी पहिला मेमो. पाच आठवड्यांत तीन. त्या पानावर आम्ही 'सूड' हा शब्द कुठेही लिहिला नाही.

दुसरे पत्र 12 डिसेंबरला गेले, पुन्हा आवक क्रमांकासह. त्यात तीन महिन्यांच्या शनिवार-सोमवारच्या मोजण्या होत्या आणि एकच विनंती, की साठ्याची पडताळणी महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या आधी व्हावी आणि तूट नव्हे तर जास्तीचा साठा पाहावा. एवढ्या तक्रारीनंतरही सर तेच करत राहतील का, अशी शंका आम्हाला होती. पण रोजचा आकडा ऑनलाइन जात होता. तो एकदम पंचावन्नने खाली आणला असता तर ती कबुलीच झाली असती. आणि 'साठा बरोबर' हा शेरा त्यांच्या खिशात होता.

शुक्रवार, 23 डिसेंबर. सकाळी साडेनऊला, परिपाठाच्याही आधी, तालुक्याचे पोषण आहार अधीक्षक न सांगता आले. वही ताब्यात घेतली, खोली उघडायला लावली. वहीतील शिल्लक 286 किलो. खोलीत आठ बंद पोती आणि एका उघड्या पोत्यात 26 किलो, म्हणजे 426. जास्त 140 किलो. मागच्या उचलीनंतर शाळेचे 21 दिवस झाले होते. दिवसाला 6 किलो 650 ग्रॅमप्रमाणे हिशेब येतो 139 किलो 650 ग्रॅम. अधीक्षकांनी तो गुणाकार आमच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने केला, शिक्षिकेला तो दिसला. पंचनाम्यावर सही करताना सर एवढेच म्हणाले, "मुलं कमी येतात, त्याला मी काय करू?"

पुढचे लवकर सांगतो, कारण ते तसे लवकर झाले नाही. जानेवारीत संस्थेने शिक्षिकेलाच चौकशीची नोटीस दिली, 'संस्थेची बदनामी' म्हणून. उत्तरात आम्ही ते दोन बाजूंचे पान जोडले आणि समितीसाठी आपल्या बाजूचा सदस्य कोण हे कळवले. त्यानंतर ती नोटीस तशीच पडून राहिली आणि एप्रिलमध्ये मागे घेतल्याचे पत्र आले. मार्चमध्ये सरांकडून वसुलीचा आदेश निघाला होता, पोषण आहाराचे काम त्यांच्याकडून काढले, आणि नव्या वर्षी संस्थेने त्यांना दुसऱ्या शाळेत पाठवले. शिक्षिकेलाही लेखी ताकीद मिळाली, 15 जून ते 2 ऑगस्टच्या सह्यांबद्दल. ती तिच्या सेवा अभिलेखात आहे आणि राहील. पत्रातील ते वाक्य नसते तर ताकीदीवर भागले नसते, असे अधीक्षक कारकुनाला पायऱ्यांवर म्हणाले. यावर घरात आता वाद होत नाही. दोघा बुजुर्गांपैकी एकजण अजूनही सलामाला उत्तर देतात तेव्हा दुसरीकडे पाहतात.

आणि खाला. त्यांचे नाव आम्ही कुठे लिहिले नाही, पण भात किती लागतो हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत असणार, एवढे सगळ्यांना कळत होते. जून 2023 मध्ये त्यांना सांगण्यात आले की यंदा दुसरी बाई ठेवली आहे. सात वर्षे त्यांनी त्या चुलीपुढे काढली. आम्ही विचारले, नेमणुकीचा काही कागद आहे का? करारनामा? मानधनाची पावती? खालांनी पिशवीतून बँकेचे पासबुक काढले. त्याशिवाय काही नव्हते.

त्या रात्री त्यांच्यासमोर बसून, त्यांनी सांगितले तेवढेच, पाऊण पानाचा अर्ज लिहिला. पासबुकातील सात वर्षांच्या मानधनाच्या नोंदींच्या प्रती जोडल्या. सोमवारी त्यांना घेऊन पंचायत समितीत गेलो. तोच लिपिक होता. त्याने आमच्याकडे पाहिले, काही न बोलता शिक्का उचलला आणि आवक क्रमांक टाकून प्रत खालांच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो कागद पदराखाली धरला आणि एस.टी.त बसेपर्यंत तीनदा विचारले, "आपा, नंबर पडला ना?"